‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, ते कळवावे

माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटावी तरी किती! पिंपळगाव बसवंतच्या सावळीराम गांगुर्डेला ती इतकी वाटायची, की एकदा हा गडी सटाण्याला मेहुण्याच्या पुतण्याच्या लग्नाला गेला आणि भलत्याच मांडवात जाऊन बसला. नवरदेव ओळखीचा वाटेना, पण ‘हे लग्न कुणाचं?’ असं विचारायचं कसं? लोक काय म्हणतील? म्हणून पंगतीला बसला, दोनदा मागून जिलेबी खाल्ली, पाचशे एकाचं पाकीट नवरदेवाच्या हातात दिलं आणि घरी आला. बायकोने, कलाबाईने, कपाळावर हात मारून घेतला. हा म्हणाला, “अगं, माणसं चांगली होती.”

माणसं चांगली होती! सावळीरामच्या आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत बसायचं. घर बांधलं तेव्हा गवंड्याला मजुरी विचारली नाही, माणूस चांगला होता. जुनी स्कूटर घेतली तेव्हा कागदपत्रं विचारली नाहीत, विकणारा चांगला होता. कलाबाई घोटीची. लग्नाआधी तिथल्या बालवाडीत शिकवायला जायची, पोरं तिच्या पदराला धरून असायची. लग्नात ना हिच्या बापाने काही विचारलं ना त्याच्या बापाने काही सांगितलं. सून घरात आली, बालवाडी घोटीला राहिली. माणसं दोन्हीकडची चांगलीच होती.

आता असा माणूस देवाने कुठे नेऊन बसवावा? तर खरेदी विभागात! पिंपळगावात द्राक्ष उत्पादकांची एक सहकारी संस्था आहे. नाव नाही घेत, उगाच वार्षिक सभेत माझ्यावर ठराव यायचा. तिचं हायवेलगत पॅकहाऊस आहे, शीतगृह आहे. माल तोलून, निवडून, खोक्यांत भरून बाहेर जातो. संस्थेचा खरेदी विभाग म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि सावळीराम. तीस वर्षं तो तिथे कोटेशनं मागवत होता, फाईलला लावत होता आणि अध्यक्ष सांगतील त्याला ऑर्डर काढत होता. पत्र लिहिण्यात मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. ‘आपल्या कृपाळू पत्राबद्दल शतशः ऋणी आहोत’ इथून सुरुवात आणि ‘लोभ असावा, वृद्धिंगत व्हावा’ इथे शेवट. मधे काय मागितलंय ते शोधायला समोरच्याने चष्मा बदलावा.

तर या सावळीरामच्या एकुलत्या एका पोरीची, आरोहीची, दसऱ्याला सुपारी फुटली. पोरगी गुणाची. रसायनशास्त्र शिकलेली, नाशिकला द्राक्षांमधल्या औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. रोज सकाळी डबा घेऊन एसटीने जायची आणि संध्याकाळी कुणाच्या बागेत काय सापडलं ते सोडून बाकी सगळं सांगायची. कारण ते सांगायचं नसतं, नियम म्हणजे नियम. स्थळ आलं ते मल्हारीशेठचं. मूळ इकडच्याच भागातले, आता नाशिकजवळ अंबडला खोकी बनवायचा कारखाना. मुलगा शेखर बापाच्या हाताखाली. दिसायला बरा, बोलायला गोड, निर्णय घ्यायची वेळ आली की मोबाइलमध्ये बघणारा.

सुपारीच्या बैठकीत मल्हारीशेठ मांडी ठोकून म्हणाले, “आमची काय बी अपेक्षा नाय. देवाचं दिलेलं लय हाय. सगळं नेहमीप्रमाणे.”

सावळीरामने हात जोडले. “वा वा! नेहमीप्रमाणेच.”

झालं. सुपारी फुटली, पेढे वाटले. रात्री आरोहीने विचारलं, “बाबा, माझ्या नोकरीचं काय ठरलं? लग्नानंतर करू देणार ना?”

“अगं, एवढी चांगली माणसं. ते का नको म्हणतील?”

“पण विचारलंत का?”

“असं विचारतात का कुठे बैठकीत? होऊन जाईल.”

पोरगी उठून डबा घासायला गेली. तिने शेखरलाही तीनदा विचारलं होतं. तोही म्हणाला होता, होऊन जाईल. आपल्याकडे हे एक बरं आहे बघा, क्रियापदाला कर्ता लागत नाही. होणार आहे म्हणजे होणार आहे, कोण करणार ते ज्याचं त्याने बघावं.

दिवाळी झाली आणि संस्थेत हंगामाची तयारी सुरू झाली. जानेवारीत घड तयार व्हायला लागतात, त्याआधी पाच किलोची छापील खोकी गोदामात हवीत. चार कारखान्यांकडून सीलबंद कोटेशनं मागवली. मल्हारीशेठचंही होतं. ते दरवर्षी असायचं आणि दरवर्षी ऑर्डर त्यांनाच जायची.

पण यंदा व्यवस्थापक नवीन. निकिता मॅडम. वय तिशीच्या आत, शिक्षण मोठं, बोलणं स्वच्छ आणि संगणकावरच्या तक्त्याचे रकाने रंगवायची भारी हौस. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे नको. त्या रंगांपायी एकदा दुपारचा डबा विसरल्या होत्या. सावळीरामने त्यांना आधीच सांगितलं, “मॅडम, मल्हारीशेठ आमचे होणारे व्याही आहेत. मी या खरेदीत नसावं हे बरं.”

मॅडमनी ते टिपणीत नोंदवून घेतलं आणि अध्यक्षांसमोर ठेवलं. अध्यक्ष नाथाअण्णा पोट धरधरून हसले.

“मॅडम, या संस्थेत कोण कुणाचा पाव्हणा नाय? पाव्हण्यांना बाजूला बसवलं तर मीटिंगला पंखा लावायलाबी माणूस उरायचा नाय. करू द्या सावळीरामला.”

शेवटी ठरलं असं, की तक्ता सावळीरामने करायचा, मॅडमनी तपासायचा, पत्रावर सही मॅडमची आणि निर्णय खरेदी समितीचा. समितीसमोर पाकिटं फोडली, पानोपान सह्या झाल्या आणि चारही कोटेशनं सावळीरामच्या टेबलावर आली.

गोषवारा काढायचा म्हणजे काय, तर प्रत्येक कोटेशन वाचून त्यातल्या अटी एकाच तक्त्यात आडव्या मांडायच्या. मूळ दर किती, कर वेगळा की धरून, भाडं कुणाचं, हमाली कुणाची, माल दारात यायला एकूण किती पडतो, किती दिवसांत येतो. मग चारही एका मापाने मोजता येतात. तीन कोटेशनं सावळीरामने अर्ध्या दिवसात उतरवली. चौथं व्याह्यांचं.

त्यात लिहिलं होतं: ‘दर रु. ४२ नेट. पोच नेहमीप्रमाणे. मुदत ऑर्डर कन्फर्म झाल्यापासून तीन-चार आठवडे. आपलाच, मल्हारी.’

सावळीराम पेन घेऊन बसला आणि बसूनच राहिला. नेट म्हणजे कर धरून की कर सोडून? ‘नेहमीप्रमाणे’ हे भाड्याच्या रकान्यात काय म्हणून लिहायचं? आणि ऑर्डर कन्फर्म होते कधी? आपण खरेदी आदेश पाठवतो तेव्हा, खोक्यावरच्या छपाईचा नमुना पसंत करतो तेव्हा, का आगाऊ पैसे देतो तेव्हा?

म्हटलं, जुन्या फाईली बघाव्यात. नेहमी काय होतं ते त्यात सापडेलच की! कपाट उघडलं, धूळ झटकली आणि सावळीरामला घाम फुटला. एका वर्षी संस्थेने टेम्पो पाठवून माल आणला होता. एका वर्षी मल्हारीशेठनी फुकट पोचवला होता, कारण शेखर पास झाला होता. त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या भाच्याचा टेम्पो, भाडं संस्थेच्या माथी. आणि गेल्या वर्षी माल नाशिकच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरवून मल्हारीशेठनी फोन केला होता, ‘माल पोचला बरं का.’ कुठे पोचला ते विचारायचं सावळीरामने, अर्थातच, टाळलं होतं.

गेल्या वर्षीचं आठवलं आणि त्याचे कान गरम झाले. सहादू नावाचा शेतकरी. त्याने त्या दिवशी माल तोडून आणला, मजूर लावले, आणि खोकीच नाहीत! खोकी नाशिकला गोदामात, द्राक्षं पिंपळगावात. घड संध्याकाळपर्यंत क्रेटमध्ये सुकत राहिले. सहादूने पॅकहाऊसच्या दारात उभं राहून सावळीरामच्या सात पिढ्यांना जेवायला बोलावलं. बायाबापड्यांसमोर, पोराटोरांसमोर. वर म्हणाला, “तुला तोंड नव्हतं का रे इचारायला?” शिव्या सावळीराम विसरला, हे वाक्य नाही विसरला.

म्हणून मग त्याने पत्र लिहायचं ठरवलं. पण पत्र कुणाला? व्याह्याला! पहिला मसुदा असा झाला: ‘आपणा उभयतांचे ऋणानुबंध लक्षात घेता, आपल्या सुबक कोटेशनातील काही सूक्ष्म बाबी आपल्या सोयीने, आपणास योग्य वाटल्यास, उजळल्या जाव्यात ही नम्र अपेक्षा.’ हे मॅडमकडे गेलं. मॅडमनी तीनदा वाचलं.

“काका, यात आपण काय विचारलंय?”

“सगळंच विचारलंय, मॅडम. आडून.”

मॅडमना त्या दिवशी बँकेत जायचं होतं. म्हणाल्या, ‘बरं, बघूया,’ आणि सही केली. हुशार माणसंही कधीकधी बँकेच्या घाईत असतात. पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं, ई-मेलनेही गेलं. उत्तर आलं ते सावळीरामच्या व्हॉट्सअपवर. एक अंगठा. पिवळा, वर केलेला.

पूर्वी न शिकलेली माणसं अंगठा द्यायची, आता शिकलेली देतात, एवढीच काय ती प्रगती. सावळीरामने त्याची छापील प्रत काढली आणि फाईलला लावली. मॅडमनी फाईल उघडली, अंगठा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“काका, चूक माझी, मी न वाचता सही केली. पण हे भाड्याच्या रकान्यात लिहू का? भाडं: अंगठा?”

नाथाअण्णांना कळलं तेव्हा ते मात्र खूश. म्हणाले, “अरे, त्यात काय एवढं? बेचाळीस रुपये, कर धरून, दारात पोच असं धरा. सगळ्यांत कमी बसतंय का? बसतंय. टाका ऑर्डर. व्याह्याला कागद मागायचा म्हणजे जेवायला बसल्यावर ताट तपासायचं. माणूस तुटतो राव!”

आता बघा, इथे सावळीराम फसला. धरायचं कुणी? तक्त्याखाली ‘तयार करणार’ म्हणून सही त्याची. उद्या कराची वेगळी पावती आली, माल परत नाशिकला उतरला, तर सहादू दारात उभा राहणार, नाथाअण्णा नाही. आणि लोक काय म्हणतील? व्याह्याचा माल खपवला! इकडे पत्र धाडलं तर पोरीचं लग्न. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि आडाजवळ सहादू.

घरी त्याने ही गोष्ट काढली तर कलाबाई तव्यावरची भाकरी विसरली.

“काय? मल्हारीशेठना जाब विचारता? मोडायचंय का लग्न? सुपारी फुटलीय, गावभर पेढे खाऊन झालेत. तुमचं ते नेट का फेट, जाऊ द्या ना मेलं!”

आरोही भाकरी उलटत म्हणाली, “बाबा, सरळ लिहा. आमच्याकडे नमुन्यावर नाव नीट नसेल तर आम्ही अंदाज करत नाही, विचारतो. विचारल्याने कुणी मरत नाही.”

“तुला काय कळतंय? तुझंच लग्न आहे.”

“म्हणूनच म्हणते.”

ती का ‘म्हणूनच’ म्हणाली हे सावळीरामने विचारलं नाही. सवयच नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला, दार लोटून बसला आणि त्याने आयुष्यातलं पहिलं सरळ पत्र लिहिलं. शौर्य वगैरे काही नाही हो. सहादूच्या शिव्यांची भीती व्याह्याच्या रागापेक्षा अर्ध्या बोटाने मोठी निघाली, इतकंच. पत्र असं होतं:

‘विषय: आपल्या कोटेशनमधील दर व पोच यांबाबत खुलासा मिळण्याबाबत.

महोदय, आपल्या कोटेशनचा गोषवारा काढताना खालील अटी स्पष्ट होत नाहीत. आपण “दर रु. ४२ नेट” लिहिले आहे. हा दर एका खोक्याचा, जीएसटी धरून आहे की जीएसटी वेगळा? आपण “पोच नेहमीप्रमाणे” लिहिले आहे. माल संस्थेच्या पिंपळगाव येथील पॅकहाऊसच्या दारात देणार की नाशिकच्या गोदामात? भाडे कोण देणार? उतरवण्याची हमाली कोण देणार? आपण “ऑर्डर कन्फर्म झाल्यापासून तीन-चार आठवडे” लिहिले आहे. मुदत खरेदी आदेशाच्या तारखेपासून, छपाईचा नमुना मंजूर झाल्यापासून की आगाऊ रक्कम मिळाल्यापासून मोजायची? आठवडे तीन की चार?

मूळ दरात कोणताही बदल न करता फक्त वरील खुलासा सही-शिक्क्यासह सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावा. खुलासा न आल्यास आपल्या कोटेशनचा विचार करता येणार नाही.’

बाकीच्या तिघांचे दर काय आहेत याचं एक अक्षर त्यात नव्हतं. ते सांगायचं नसतं, एवढं सावळीरामलाही कळत होतं. खाली ‘लोभ असावा’ लिहायला हात शिवशिवत होता, तो त्याने मांडीखाली दाबला. मॅडमनी या वेळी ओळ न् ओळ वाचली आणि सही केली.

“काका, हे पत्र तुम्ही लिहिलंत?”

“हो. चुकलं का काही?”

“नाही. मी तुम्हाला आजच भेटते आहे असं वाटलं.”

तीन दिवस सावळीरामचं कामात लक्ष नव्हतं. मोबाइल वाजला की दचकायचा. शुक्रवारी शेखरचा आरोहीला निरोप आला: पप्पा खूप चिडलेत. शनिवारी नाथाअण्णा कचेरीत येऊन म्हणाले, “सावळीराम, कागद मागितलास, माणूस घालवलास.” कलाबाईने तर बोलणंच टाकलं. ताट समोर आपटून ठेवायची, त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

सोमवारी, पाचाला थोडा अवकाश असताना, मल्हारीशेठचा माणूस लखोटा घेऊन आला. आत स्वच्छ टंकलेलं उत्तर, सही, शिक्का. जीएसटी वेगळा. माल अंबडच्या कारखान्यातून संस्थेने उचलायचा, भाडं आणि हमाली संस्थेची. मुदत चार आठवडे, आगाऊ रक्कम मिळाल्यापासून. खाली हाताने एक ओळ: ‘वीस वर्षांत कोणी विचारले नाही.’

वाचून सावळीराम खुर्चीत मागे टेकला. लबाडी काही नव्हती हो! मल्हारीशेठ खोटं बोलले नव्हते, कुणी विचारलंच नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. वीस वर्षं ते एक धरून बसले होते, संस्था दुसरंच, आणि मधे सावळीराम ‘वृद्धिंगत व्हावा’ लिहीत होता.

तक्ता पुरा झाला. दारात माल यायला एकूण काय पडतं ते काढलं, तर व्याही चौघांत तिसरे आले. मुदतही हंगामाला बसेना. ऑर्डर दिंडोरी रोडच्या एका कारखान्याला गेली. समितीत नाथाअण्णांनी तोंड वाकडं केलं, पण मॅडमच्या तक्त्यात व्याह्यांची ओळ इतकी लालभडक होती, की त्यांनीही सही केली.

पुढच्या रविवारी मल्हारीशेठ सहकुटुंब दारात हजर. कलाबाईची धांदल उडाली. कांदेपोहे, चहा, बसायला नवी चादर. सावळीरामला वाटलं, आता हे सुपारी परत करणार. पण मल्हारीशेठ मोठ्या मनाचे. पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, “सावळीराम, तुमच्या कागदाचा लय राग आला व्हता, खोटं कशाला बोलू? पण धंद्याचं धंद्यात, नात्याचं नात्यात. खोकी गेली तर गेली, सून तर आमचीच हाय. वैशाखातली तारीख काढू. बाकी सगळं नेहमीप्रमाणे.”

आणि सावळीरामचा चहाचा कप ओठांपाशी थांबला.

काय सांगू तुम्हाला! तो शब्द त्याने जन्मभर ऐकला होता, स्वतः हजारदा म्हटला होता. पण महिनाभर त्या एका शब्दाच्या मागे फाईली उपसून उपसून त्याच्या कानाला आता सवय लागली होती. त्याने आरोहीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सकाळीच ती त्याला म्हणाली होती, “मी काही माल नाही, बाबा. पण मालाबद्दल तरी तुम्ही विचारलंत.” तेव्हा तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. त्यातली एकही ओळ त्याने वाचली नव्हती.

“मल्हारीशेठ,” सावळीराम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “नेहमीप्रमाणे म्हणजे काय?”

कलाबाईच्या हातातला चमचा खाली पडला.

“म्हणजे?” मल्हारीशेठ हसले. “आता घरातबी कागद काढता का?”

“कागद नको. तोंडी सांगा. आरोही नाशिकला नोकरी करते. लग्नानंतर करेल की नाही?”

मल्हारीशेठच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पोह्याच्या बशीकडे पाहिलं. शेखरने मोबाइल काढला.

“आता हे काय इचारणं झालं?” मल्हारीशेठ म्हणाले. “बघू की पुढचं पुढं. होऊन जाईल.”

“हो का नाही, शेठ?”

शेठनी पोह्यांचा मोठा घास घेतला.

“शेखर, तुझं काय?” सावळीरामने मोर्चा तिकडे वळवला.

शेखर म्हणाला, “पप्पा म्हणतील तसं.”

मल्हारीशेठनी घास गिळला. मग बशी खाली ठेवून सरळ बसले. माणूस खोटा नव्हता, हे मी मघाशीच सांगितलं.

“नाय,” ते म्हणाले. “आमच्या घरात सुना नोकरीला जात नाय. माझी आई गेली नाय, ही गेली नाय. कारखाना हाय, घर हाय, कशाला पायजे एसटीचे धक्के? हे तुम्हाला ठाऊक असंल असं मी धरलं व्हतं.”

“आणि करेलच, असं आम्ही धरलं होतं,” सावळीराम म्हणाला.

आरोही पुढे आली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द कापत नव्हते. “काका, मी नोकरी सोडणार नाही. शेखरला हे मी पहिल्या दिवशीच सांगितलंय.”

सावळीरामला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं, आणि दोन्हींपैकी कुठलं आधी येऊ द्यावं ते कळत नव्हतं. शेवटी तीस वर्षांची सवय मदतीला धावली. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, “मल्हारीशेठ, खुलाशाबद्दल आभारी आहोत. पेढ्यांचं, सुपारीचं जे काय असेल ते मी घरी आणून देईन. तुमचा काही दोष नाही. आम्ही आधी विचारायला हवं होतं.”

मल्हारीशेठ दारापर्यंत गेले, चप्पल घातली, मागे वळले. “तुमी पयलं पत्र दसऱ्याला पाठवायला पायजे व्हतं,” ते म्हणाले. त्यात राग होता, पण खोटं काही नव्हतं.

गाडी गेली. कलाबाई आत चुलीपाशी जाऊन बसली. आता ही भांडी आपटणार, महिनाभर बोलणार नाही, गावाला तोंड कसं दाखवायचं म्हणून रडणार, अशी तयारी करून सावळीराम तिच्यामागे गेला. ती रडत होतीच. पण आवाज न करता, पदर तोंडाला लावून.

“अगं, मिळेल दुसरं स्थळ. पोरगी...”

“तिचं नाही म्हणत मी,” कलाबाई म्हणाली. “तिचं बरं झालं.”

“मग?”

तिने डोळे पुसले. “घोटीला माझ्या वर्गात बावीस पोरं होती. लग्नानंतर महिनाभर वाट बघितली मी, तुम्ही विचाराल म्हणून. जायचंय का तुला परत, एवढंच. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माणसं चांगली होती ना.”

सावळीराम तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. फाईल नव्हती, संदर्भ नव्हता, मुदत तर केव्हाच संपली होती. मग त्याने विचारलं. हळू, अडखळत, पण विचारलं.

“जायचं होतं का गं तुला?”

“हो,” कलाबाई म्हणाली.